हिप्परगा पक्षीनोंद शीट: वारांची भानगड आणि शनि-रविचा रंग

जानेवारी 2026 ची शीट अखेर सरळ झाली. वार लिहायचं कारण एवढंच की हिप्परगा तलावावर मी आठवडाभर घाईत अर्धा तास उभा राहतो आणि शनिवार-रविवारी तीन-तीन तास बसतो, मग त्या दोन दिवशी चक्रवाक जास्त दिसले म्हणून खूश व्हायचं का हेच कळेना, म्हणून म्हटलं आधी ते दिवस वेगळे दिसू देत.

गुगल शीट्समध्ये A कॉलमात तारीख आहे, B मध्ये हे टाकलं:

```
=IF(A2="","",CHOOSE(WEEKDAY(A2,2),"सोम","मंगळ","बुध","गुरु","शुक्र","शनि","रवि"))
```

तो 2 दिला की सोमवार 1 होतो आणि रविवार 7. नाही दिला तर मोजणी रविवारपासून सुरू होते आणि सगळे वार एकेक घर सरकतात.

फॉर्म्युला खाली ओढला तर 2 तारखेला रवि, 3 ला परत रवि आणि 4 ला बुध! लागोपाठ दोन रविवार बघून हसूच आलं. शीटचं लोकेल अमेरिकेचं होतं, तिकडे महिना आधी लिहितात, त्यामुळे माझी 2/1/2026 त्याला 1 फेब्रुवारी वाटली. 1/1 तेवढी बरोबर आली, कारण ती उलटी वाचली तरी तीच. 13 पासून पुढं तर थेट #VALUE!, तेरावा महिना कुठून आणणार बिचारा. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, नुसता मजकूर झालेली डावीकडे. पण 12 पर्यंतच्या चुकीच्या तारखापण उजवीकडेच असतात, तिथं ही खूण फसते, वारच बघावा लागतो. सेटिंग्जमध्ये लोकेल भारत केलं, पण आधी टाकलेल्या तारखा आपोआप सुधरत नाहीत हो, वहीत बघून सगळ्या परत टाकल्या.

मग रंग. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये `=WEEKDAY($A2,2)>5` दिलं तर महिन्याच्या खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी पिवळ्याधमक! रिकामा सेल म्हणजे शून्य आणि शीटच्या हिशोबात शून्य म्हणजे 30 डिसेंबर 1899, आणि तो निघाला शनिवार. इलाज असा:

```
=AND($A2<>"",WEEKDAY($A2,2)>5)
```

डॉलर विसरू नका, नाहीतर C कॉलमातले 14 चक्रवाकसुद्धा तारीख समजून रंगवतो (14 म्हणजे 13 जानेवारी 1900, तोही शनिवारच).

आता जानेवारीत पाच शनि, चार रवि, नऊ रंगीत ओळी, भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळवून बघितलं. पुढच्या वेळी तासाला किती पक्षी असा कॉलम.