चौथ्या दिवसाचा अर्धा तास

फोंडा, जून. पाऊस लागलेला.

बालवाडी सुरू झाली की दारातल्या रडण्याचीच चर्चा होते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते रडू शांत कसं होतं हे. तीन वर्षांचं मूल आई जाताना रडतं, कारण आईवर त्याचा जीव असतो. त्यात बिघडलेलं काही नाही. बाईंनी जवळ घेतल्यावर ते त्यांना टेकतं का, हुंदके ओसरल्यावर खेळण्याकडे बघतं का, यावरून त्याची तयारी कळते. अक्षरं-आकडे येण्याशी तिचा फारसा संबंध नाही.

बर्लिनमध्ये पाळणाघरांसाठी तयार झालेली रुळण्याची पद्धत याच खुणेवर उभी आहे. समजा, आजीपाशी वाढलेली मुलगी आहे. पहिले तीन दिवस आजी तासभर वर्गात एका जागी बसते. स्वतःहून खेळवत नाही, पण नात मांडीवर आली तर घेते. बाई अंतर राखून खेळात शिरतात. या तीन दिवसांत आजीने बाहेर जायचंच नाही. चौथ्या दिवशी ती "मी बाहेर जाते, परत येते" असं सांगून दाराबाहेर थांबते, फार तर अर्धा तास. नात रडली आणि बाईंच्या कडेवर थोड्या वेळात शांत झाली, तर पुढे वेळ वाढवत न्यायचा. काही मिनिटांत सावरलीच नाही तर आजीने लगेच आत यायचं आणि पुढचा प्रयत्न दुसऱ्या आठवड्यात करायचा. चौथा दिवस सोमवारी आला तर हा प्रयोग मंगळवारी, कारण रविवार घरी गेल्यावर वर्ग पुन्हा परका वाटतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो गुपचूप निघून जाण्याने. त्या दिवशी रडू टळतं खरं, पण आजी कधीही नाहीशी होऊ शकते हे मुलीला कळतं. मग ती खेळ सोडून दाराकडेच बघत बसते आणि घरीही पदर सोडत नाही. निरोप छोटा पण सांगूनच घ्यावा. "बारा वाजता येते" याला तिच्या लेखी अर्थ नसतो. "खाऊ खाऊन हात धुतले की येते" हे कळतं. आणि हात धुतले की आजी खरंच दारात हवी. रेनकोट, छत्र्यांच्या गर्दीत दहा मिनिटांचा उशीरही तिला फार मोठा असतो.

न रडणाऱ्या मुलांकडे लक्ष कमी जातं, याची मला खंत वाटते. डबा न उघडता, दप्तर पाठीवरून न काढता गप्प बसलेलं मूल रुळलेलं नसतं. त्यालाही बाईंची मांडी लागते.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर रुळलेली मुलंही पुन्हा रडतील. तेव्हा दोन-तीन दिवस आजीने वर्गात थोडा वेळ बसावं आणि मगच सांगून निघावं.