कागदावरचा हात

"तुमचे आजोबा तुमच्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहतात. मग त्यांनी चित्रपटात रंगवलेल्या त्या खलनायकाबद्दल आभार मानायला पत्र कशाला लिहिलंत? समोर बसून सांगता आलं नसतं का?"

सांगून पाहिलं होतं, तीनदा. आप्पा आता 86 वर्षांचे आहेत, आणि ऐकू कमी येतं ही त्यांची अडचणही आहे आणि सोयही. कौतुक सुरू झालं की त्यांचं यंत्र नेमकं बंद पडतं. मग "ते सगळं लेखकाचं हो" एवढं म्हणून ते वर्तमानपत्र उघडतात. पत्र मात्र ते वाचतात. हातात पेन्सिल घेऊन, शुद्धलेखन तपासत का होईना, पण शेवटपर्यंत वाचतात.

दुसरं कारण असं की मला जे सांगायचं होतं ते बोलण्यात मावणारं नव्हतं. मी संकलक आहे. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट आवडली तर ती किती फ्रेमची आहे हे आधी मोजलं जातं.

त्या चित्रपटात आप्पा काका आहेत, पोरक्या पुतण्याची मालमत्ता सांभाळणारे. एका प्रवेशात ते पुतण्याकडून एका कागदावर सही करून घेतात. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. "सावकाश. घाई काही नाही," एवढंच वाक्य. पाहणाऱ्यांना त्यातले डोळे आठवतात. मलाही मोठेपणी तेच आठवायचे, म्हणून पत्राची सुरुवात मी डोळ्यांपासून केली:

"आप्पा, 'घाई काही नाही' म्हटल्यावर तुम्ही 11 सेकंद त्याच्याकडे बघता. म्हणजे 264 फ्रेम. एवढ्या वेळात माणूस एरवी तीनेक वेळा पापणी मिटतो. तुम्ही एकदाही मिटत नाही. तो सही पूर्ण करतो, आणि मग तुमची पापणी अगदी हळू खाली येते. 9 फ्रेम."

हे इतकं मोजायचं कारण आहे. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च हे 1974 च्या 'द कॉन्व्हर्सेशन' या चित्रपटाचं संकलन करत होते, तेव्हा त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. शॉट जिथे तोडावासा वाटे, तिथेच आसपास त्यातले नायक जीन हॅकमन यांची पापणी मिटत असे. एक विचार संपला की पापणी मिटते, असं त्यांनी त्यावरून मांडलं. आप्पांच्या त्या प्रवेशात हे लख्ख दिसतं. काकाच्या डोक्यात 11 सेकंद एकच विचार आहे आणि तो सहीपाशी संपतो. हल्ली पुष्कळ नट खलनायक म्हणून पापणी न मिटता बघत राहतात, पण ती मिटावी कधी हे त्यांनी ठरवलेलं नसतं. डोळ्यांत पाणी यायला लागतं, आणि भीती वाटायच्या ऐवजी बिचाऱ्याची कीव येते.

पण आभार डोळ्यांचे नव्हतेच.

लहानपणी हा प्रवेश टीव्हीवर लागला की मला ते डोळे बघवत नसत. माझ्या आप्पांचे डोळे असे कसे, हे कळायचं नाही. खोली सोडून जायचीही हिंमत नव्हती. मग मी तळहात कपाळाशी आडवा धरायचो, म्हणजे पडद्याचा वरचा अर्धा भाग झाकला जायचा. दिसायचं ते फक्त टेबल, कागद आणि आप्पांचा पंजा. तो पंजा कागदाच्या वरच्या भागावर पसरलेला असायचा. कागद हलू नये म्हणून प्रेमाने धरावा तसा. खाली सहीपुरती जागा मोकळी.

पुढे हे विसरलो. नंतर एका निर्मात्याकडे करार करायला बसलो होतो. त्याने कागद पुढे सरकवला, पेन दिलं, माझ्या कामाचं कौतुक करत डोळ्यांत बघत राहिला आणि म्हणाला, "आरामात वाचा हं." त्याचा हात कागदावर होता. मला एकदम घाम फुटला, का ते कळेना. "घरी नेऊन वाचतो," म्हणालो. घरी वाचलं, तर मानधनाचा अर्धा हप्ता चित्रपट 'प्रदर्शित झाल्यावर' द्यायचा होता. आमच्यातल्या कुणालाही विचारा, हे कलम किती वाईट आहे. संकलकाचं काम संपतं अंतिम कट हातावेगळा झाल्यावर. चित्रपट प्रदर्शित होणं त्याच्या हातात नसतं, आणि कित्येक चित्रपट डब्यातच राहतात. तो दिवस उजाडलाच नाही तर पैसे मागायला आधारच उरत नाही. निर्माता लबाड होता की नाही, देव जाणे. हात सहजही ठेवला असेल. पण कलम खरंच तिथे होतं.

रात्री तो पंजा आठवला. चित्रपट लावून बघितला, तर हात नाही! तोच प्रवेश, तेच डोळे, पण चौकट आप्पांच्या छातीशी संपलेली. वाटलं, लहानपणी आपणच काहीतरी रचलं असेल.

उलगडा झाला तो जुनी प्रिंट स्कॅन होऊन माझ्या टेबलावर आली तेव्हा. हा चित्रपट जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीतला. रुंदी उंचीच्या 1.37 पट. आजचे टीव्ही 1.78 पट रुंद. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसू नयेत म्हणून कुणीतरी चित्र मोठं करून पडदाभर पसरवलं होतं. तसं केलं की उंचीतला जवळजवळ पाव भाग कापला जातो, आणि चेहरे वाचवायचे म्हटलं की कात्री बहुधा खालच्या बाजूला चालते. आप्पांचा पंजा त्या पावात गेला होता. (जुना चित्रपट बघताना कपाळं किंवा हात सारखे कापलेले दिसले, तर समजा की हेच झालंय.) पूर्ण चौकटीत तो होता, मी पाहिला होता तिथेच. पत्रात पुढे लिहिलं:

"आप्पा, आता कळलं की तुम्ही पापणी का मिटत नाही. तुमच्या डोळ्यांवरून नजर हटली असती, तर पुतण्याने कागद पाहिला असता. आणि आम्हीही. सगळी लबाडी हात करतो, डोळे फक्त पहारा देतात. मी भित्रा होतो म्हणून तो हात मला दिसला, आणि बऱ्याच वर्षांनी माझा अर्धा हप्ता वाचला. त्याबद्दल आभार."

पत्र त्यांच्या उशाशी ठेवलं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर परत आलं. 'उशिर'चं 'उशीर' केलेलं होतं. पंज्याच्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "पंखा लावला होता. कागद उडत होता, म्हणून धरला. मग दिग्दर्शक म्हणाले, पुढच्या सगळ्या शॉट्समध्ये हात तिथेच ठेवा, नाहीतर जोडता येणार नाही."

त्याखाली, जरा जास्त दाबून: "डोळ्यांचं मात्र मी ठरवलं होतं. 9 फ्रेम म्हणजे किती?"

आणि अगदी तळाशी: "मग त्या करारावर सही केलीस का?"

केली, आप्पा. 'प्रदर्शित झाल्यावर' खोडून 'अंतिम कट सुपूर्द केल्यावर' असं लिहून घेतलं, मग केली.