रिसीव्हची टॅली शीट: सेटर पाचव्या जागी असताना गुण कुठे जात होते

शालेय मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी मी सामन्यांच्या नोंदी ठेवतो. या हंगामात स्मॅश, ब्लॉक आणि एसचे रकाने बाजूला ठेवून संपूर्ण कागद एकाच प्रश्नाला दिला आहे: समोरच्या संघाची सर्व्हिस असताना आपण कोणत्या रोटेशनमध्ये, म्हणजे खेळाडू फिरत जाताना होणाऱ्या कोणत्या मांडणीत, गुण मिळवतो आणि कोणत्यामध्ये अडकून पडतो? ज्या संघाला सलग पाच-सहा गुण गमावण्याची सवय असते, त्याच्या पराभवाचे कारण बहुतेक वेळा या प्रश्नाच्या उत्तरात सापडते, असे माझे मत झाले आहे.

कागदावर सहा चौकटी आहेत. स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी सेटर मैदानावरच्या ज्या जागी उभी असेल, त्या जागेचा क्रमांक चौकटीला दिला आहे. प्रत्येक चौकटीत पहिल्या पासच्या दर्जानुसार ३, २, १ आणि ० असे चार कप्पे आहेत. सेटरला सगळे पर्याय मोकळे राहतील असा पास ३, दोन पर्याय उरतील असा २, केवळ उंच चेंडू देऊन वेळ मारून न्यावी लागेल असा १, आणि चेंडू खेळातच राहिला नाही तर ०. रॅली संपली की योग्य कप्प्यात एकच रेघ काढायची. गुण आपल्याला मिळाला तर उभी, गेला तर आडवी. समोरच्यांची सर्व्हिस जाळ्यात किंवा बाहेर गेली तर पास झालेलाच नसतो, म्हणून ती उभी रेघ कप्प्यांच्या बाहेर काढतो. पास १ किंवा ० दर्जाचा असेल तर चौकटीतल्या छोट्या अर्ध्या मैदानाच्या आकृतीत चेंडू जिथे आला तिथे एक टिंब देतो. पंचांच्या शिट्टीनंतर सर्व्हिस करण्यासाठी ८ सेकंद असतात. एक रेघ आणि एक टिंब एवढ्या अवधीत सहज होते, त्याहून अधिक लिहायला गेले की पुढच्या पासवरची नजर सुटते.

या मांडणीतली एक गोष्ट नव्याने नोंदी ठेवणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. रिसीव्ह करणारा संघ गुण मिळवतो तेव्हाच रोटेशन पुढे सरकते, त्यामुळे सहा रोटेशनच्या एका फेरीत प्रत्येक चौकटीत यशाची जास्तीत जास्त एकच उभी रेघ येऊ शकते. साहजिकच सामन्याच्या शेवटी सर्व चौकटींतल्या उभ्या रेघा जवळपास सारख्या असतात आणि केवळ त्या पाहून सगळे रोटेशन सारखेच चांगले असल्याचा भास होतो. खरा फरक आडव्या रेघांत असतो, कारण त्या एक यश मिळेपर्यंत किती गुण द्यावे लागले हे सांगतात.

एका सामन्याचा कागद उदाहरण म्हणून घेतो. तिसऱ्या सेटमध्ये सामना गेला आणि तिन्ही सेट मिळून आपले ५७, समोरच्यांचे ६१ गुण झाले. आपण ६१ वेळा रिसीव्ह केले, त्यात ३५ उभ्या आणि २६ आडव्या रेघा आल्या. आपल्या सर्व्हिसवर मिळवलेले २२ गुण वेगळ्या पट्टीत होते. ३५ आणि २२ मिळून ५७ होतात, म्हणजे नोंद गुणफलकाशी जुळते. ही बेरीज जुळल्याशिवाय मी पुढचा काहीही निष्कर्ष काढत नाही, कारण धावपळीत एखादी रेघ चुकीच्या चौकटीत पडली तर ती शोधण्याची हीच वेळ असते.

आडव्या रेघा १ ते ६ या चौकटींत अनुक्रमे ३, ३, ४, ३, ९ आणि ४ अशा पडल्या. सेटर पाचव्या, म्हणजे मागच्या ओळीतल्या डाव्या जागी असताना १५ रिसीव्हपैकी केवळ ६ वेळा गुण मिळाला, तर उरलेल्या पाच रोटेशनमध्ये मिळून ४६ पैकी २९ वेळा. त्या २९ मध्ये समोरच्यांच्या सर्व्हिसच्या ५ चुका होत्या आणि पाचव्या चौकटीच्या वाट्याला अशी एकही चूक आली नव्हती. त्या चुका वगळल्या तरी ४१ पैकी २४ उरतात, म्हणजे फरक केवळ त्या चुकांमुळे पडलेला नाही.

हे विशेष यासाठी की सेटर मागच्या ओळीत असल्याने या रोटेशनमध्ये पुढे तीन स्मॅशर असतात. आक्रमण कमकुवत असण्याचे कारण नाही, म्हणून कप्पे पाहिले. १५ पैकी ७ पास १ किंवा ० दर्जाचे होते आणि त्या सातांतून एकच गुण मिळाला. उरलेल्या ८ चांगल्या पासवर ५ गुण मिळाले होते. इतर रोटेशनमध्ये ४१ पैकी ११ पासच इतके वाईट होते. मग टिंबे पाहिली, तर सातांपैकी पाच डावी आणि मधली रिसीव्हर यांच्यामधल्या फटीत दाटली होती.

तरीही एक शंका उरतेच. दोन्ही संघ आळीपाळीने रोटेट होत असल्याने एका सेटमध्ये आपल्या एका रोटेशनसमोर प्रत्येक फेरीत समोरची तीच सर्व्हिस करणारी खेळाडू येते. ती त्यांची सर्वोत्तम असेल तर दोष आपल्या मांडणीचा न राहता तिच्या सर्व्हिसचे यश ठरतो. यासाठी प्रत्येक सेटच्या सुरुवातीला चौकटीवर समोरच्या खेळाडूचा जर्सी क्रमांक लिहून ठेवतो. या सामन्यात दुसऱ्या सेटला सुरुवातीचे रोटेशन बदलले होते, समोरची सर्व्हिस करणारी वेगळी होती, आणि तरीही पाचव्या चौकटीत तिन्ही सेटमध्ये आडव्या रेघा ४, ३ आणि २ अशा आल्याच. त्यामुळे कारण आपल्या बाजूचे असण्याची शक्यता बळकट झाली.

प्रशिक्षक बाईंना मी तीन आकडे आणि टिंबांची आकृती एवढेच दाखवले. कोणत्या मुलीचा पास किती वेळा वाईट गेला याची यादी मुद्दाम केली नव्हती, कारण फट दोघींच्या मधली होती आणि एकीचे नाव पुढे आले असते तर चर्चा तिथेच संपली असती. बाईंनी आकृती पाहून सांगितले की सेटर पाचव्या जागेवर खोल उभी राहते आणि सर्व्हिस होताच दोन्ही रिसीव्हरच्या समोरून तिरकी उजवीकडे जाळ्याकडे धावते. चेंडू फटीत येतो त्याच क्षणी ती तिथून जात असते.

उपाय नियमात बसणारा आहे. पाचव्या जागेवरच्या खेळाडूने चौथ्या जागेवरच्या खेळाडूच्या मागे आणि सहाव्याच्या डावीकडे असणे आवश्यक असते, पण किती मागे असावे याचे बंधन नाही. म्हणून चौथ्या जागेवरच्या मुलीला डाव्या रेषेजवळ, जाळ्यालगत उभे केले आणि सेटरला तिच्या लगेच मागे आणले. आता सेटर जाळ्याला समांतर उजवीकडे धावते. तिसऱ्या, सहाव्या आणि पहिल्या जागेवरच्या मुली मागे सरकून मोकळ्या मैदानात रिसीव्ह करतात.

पुढच्या सामन्यात त्या चौकटीत ७ रिसीव्ह आले. ४ गुण मिळाले, ३ गेले, आणि वाईट पास २ होते. सात रेघांवरून सुधारणा झाली असे म्हणणे घाईचे ठरेल, परंतु फटीत एकही टिंब पडलेले नाही, याला मी गुणांपेक्षा अधिक महत्त्व देतो, कारण बदल नेमका त्या जागेसाठी केला होता. वाईट पासपैकी एक मात्र उजव्या बाजूला, जाळ्यापासून तीन मीटरच्या रेषेजवळ आखूड पडलेल्या सर्व्हिसवर गेला. तिन्ही रिसीव्हर मागे सरकल्याने तिथली जागा उघडी पडत असावी.

पासचे दर्जे हा शेवटी नजरेचा निवाडा असतो, विशेषतः १ आणि २ यांच्या सीमेवर. त्यासाठी एका राखीव मुलीला दुसरा कोरा कागद देऊन स्वतंत्र नोंद ठेवायला सांगितले आहे. सेट संपल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून जिथे दर्जा वेगळा पडला त्या रॅली दोघांनी आठवून पाहायच्या, असे ठरले आहे. पुढच्या सामन्यापासून पाचव्या चौकटीतल्या आखूड सर्व्हिसवरच्या प्रत्येक पासला, तो चांगला असला तरी, टिंब देणार आहे.