आईच्या रानाचे पैसे आणि दोन स्टेटमेंट्स

"हातात एकदम पैसे आलेत. सगळे एकदम म्युच्युअल फंडात टाकू का दर महिन्याला थोडे थोडे? तुमच्या घरात दोन्ही करून झालंय, म्हणून विचारतेय."

पगारातून दर महिन्याला पैसे बाजूला काढणाऱ्यांना यातलं काही लागू नाही. त्यांच्याकडे एकदम टाकायला रक्कमच नसते, त्यामुळे त्यांना निवडायचं असं काही नसतं. रक्कम ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हा प्रश्न आला की दर वेळी मी अर्धंच सांगते आणि ऐकणारा आपल्या सोयीचं तेवढं घेऊन जातो. आज सगळं सांगते.

२००७ च्या शेवटी आईनं तिच्या वाट्याचं रान विकलं आणि दादाला आणि मला प्रत्येकी २,४०,००० रुपये दिले. मी ते सगळे ८ जानेवारी २००८ ला निफ्टीच्या एका इंडेक्स फंडात टाकले. स्टेटमेंटवर एकच ओळ आहे: एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा त्या दिवशीचा भाव, ५०.३०; युनिट ४,७७१. त्या दिवशी निफ्टी ६,२८७ वर बंद झाला. त्या तेजीतला तोच सगळ्यात वरचा बंद ठरला, पण हे त्या संध्याकाळी कुणालाच माहीत नव्हतं.

दादाच्या वाट्याचे पैसे वहिनीनं सांभाळले. फंड तोच, पर्याय तोच, ग्रोथचा, म्हणजे नफा वाटून न देता फंडातच ठेवणारा. तिनं पैसे बचत खात्यात ठेवले आणि जानेवारीपासून दर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी २०,००० चा चेक लिहिला. मी तिला म्हटलं होतं, "वहिनी, पैसे साडेतीन टक्क्यांवर पडून राहतात, वाया जातात." ती म्हणाली, "वन्सं, मला एकदम सोडवत नाहीत."

त्या वर्षी २८ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. आदल्या दिवशी निफ्टी २,५२४ वर बंद झाला आणि आमच्या फंडाचा एनएव्ही २०.१९ वर आला. भाऊबीजेला मी दादाकडे गेले. ओवाळून झालं, ताट अजून पाटाजवळच होतं, निरांजन तेवत होतं. आई खुर्चीत बसली होती. तिनं फार सरळ विचारलं, "माझ्या रानाचं किती राहिलं?" मी पर्समधून स्टेटमेंट काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं गुणाकार करून ठेवला होता, ४,७७१ गुणिले २०.१९. सांगायची हिंमत होईना, म्हणून कागदच तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून आकडा वाचला, ९६,३००. मग बोटानं तो पुन्हा वाचला आणि कागदाची घडी घालून मला परत दिला. रागावली नाही. "त्या रानात विहीर होती," एवढंच म्हणाली.

वहिनीचे तोवर नऊ हप्ते गेले होते. तिच्या १,८०,००० चेही ९८,९०० च राहिले होते, म्हणजे गुंतवलेल्या पैशांवरचा तोटा तिलाही चांगलाच होता. पण ६०,००० अजून बँकेत होते. आईला ती म्हणाली, "आत्या, अजून तीन महिन्यांचे बाकी आहेत." आईच्या चेहऱ्यावर मला जे दिसायला हवं होतं, ते त्या वाक्यानं दिसलं. मी त्या रात्री जेवले नाही.

वर्ष संपलं तेव्हा वहिनीकडे ७,५१६ युनिट होते. तिचा सरासरी भाव पडला ३१.९३. बारा महिन्यांच्या एनएव्हीची नुसती सरासरी काढली तर ३३.५९ येते. हा फरक पाहून बरेच जण "हिशेब चुकलाय" म्हणतात. चुकलेला नाही. रक्कम ठरलेली असली की भाव खाली असताना युनिट आपोआप जास्त येतात. जानेवारीत तिला ४८७ मिळाले, नोव्हेंबरमध्ये ९०७. म्हणून तुमच्या स्टेटमेंटवर खरेदीभाव काढताना एनएव्हीची सरासरी काढू नका, एकूण रकमेला एकूण युनिटनी भागा.

डिसेंबर २००९ अखेर एनएव्ही ४१.६१ होता. वहिनीचे ३,१२,७०० झाले होते, माझे १,९८,५००. "बघा, हप्तेच बरे" असं म्हणणारे इथवरच ऐकतात. आता माझी बाजू. वहिनीचा पहिला हप्ता माझ्यानंतर २३ दिवसांनी गेला आणि तेवढ्यात बाजार १८ टक्के पडला होता. मीही तिच्याच दिवशी, ३१ जानेवारीला ४१.१० वर सगळे टाकले असते, तर ५,८३९ युनिट आले असते आणि डिसेंबर २००९ ला माझे २,४३,००० असते. म्हणजे आमच्यातल्या १,१४,००० च्या फरकातले जवळपास ४४,००० नुसत्या तारखेचे आहेत. तुलना करायची तर एकरकमीची तारीख आणि पहिल्या हप्त्याची तारीख एकच धरा. कबूल करते, तरीही मी ७०,००० नं मागेच राहते.

पण ते वर्षच पडत्या बाजाराचं होतं. जानेवारी २००९ पासून मी पगारातून त्याच फंडात महिनाअखेरीला २,००० टाकत होते, म्हणून २००९ चे बारा एनएव्हीही माझ्याच स्टेटमेंटवर आहेत. त्यांवर तेच २,४०,००० मांडून पाहिले. जानेवारीअखेर मी सोयीनं निवडलेली नाही, वहिनीचा पहिला हप्ताही जानेवारीअखेरीलाच गेला होता. २००९ मध्ये जानेवारीअखेरचा भाव २३.०० होता. सगळे तेव्हाच टाकले असते तर १०,४३५ युनिट. बारा हप्त्यांत ७,५४१.

हे आकडे मी कितीतरी रात्री पाहिलेत. एकरकमीला एका वर्षी ५,८३९, दुसऱ्या वर्षी १०,४३५. हप्त्यांना ७,५१६ आणि ७,५४१. एक वर्ष कोसळणारं, दुसरं उसळणारं, आणि हप्त्यांना दोन्हींत जवळपास तेवढेच युनिट! हप्ता परतावा वाढवत नाही. वाईटातलं वाईट आणि चांगल्यातलं चांगलं, दोन्ही कापतो.

त्यातही हप्ते चालू आहेत तोवरच. वहिनीचा शेवटचा चेक ३१ डिसेंबर २००८ ला गेला, त्या दिवसापासून तिचेही पैसे एकरकमीच होते. १४ जानेवारी ते २३ मार्च २०२० मध्ये निफ्टी १२,३६२ वरून ७,६१० वर आला, तेव्हा आम्हा दोघींचे पैसे टक्क्यांत अगदी सारखेच घसरले. बारा वर्षांपूर्वीच्या बारा चेकनी तेव्हा तिला काहीच आडोसा दिला नाही.

तुम्ही स्वतः मांडणार असाल तर आधी प्रत्येक ओळीत रक्कम भागिले एनएव्ही करून युनिट जुळतात का बघा. ऑगस्ट २००९ च्या आधीच्या खरेदीत ते बरेचदा जुळत नाहीत, कारण तेव्हा एंट्री लोड, म्हणजे पैसे टाकतानाचं शुल्क, कापला जायचा. आमच्या फंडाला तो नव्हता. जुलै २०२० नंतर मुद्रांक शुल्काचा अगदी बारीक फरक दिसेल. लाभांशाचा पर्याय असेल तर नुसते एनएव्ही घेऊ नका, लाभांश दिला की तेवढा एनएव्ही उतरतो आणि तोटा नसताना तोटा दिसतो. आणि हप्त्यांच्या बाजूला थांबलेल्या पैशांचं व्याज धरा. वहिनीचं मी काढलं तर ४,००० च्या आत भरलं. एक्सआयआरआर, म्हणजे हप्त्यांच्या तारखा धरून काढलेला वार्षिक परतावा, ते धरत नाही, त्याला फक्त फंडात गेलेला पैसा दिसतो.

मग जानेवारी २००८ मधली मी चुकले का? तेव्हाची मी म्हणायची, बाजार वर जाणाऱ्या वर्षांची संख्या जास्त, मग थांबायचं कशाला. ते आजही खोटं वाटत नाही. आजची मी तिला भाऊबीजेचा तो कागद दाखवते, तर ती मला १०,४३५ दाखवते.

येत्या मे महिन्यात माझी ग्रॅच्युइटी येतेय. वहिनीनं परवा फोनवर विचारलं, "वन्सं, एकदम का हप्त्यानं?" फंडाचा फॉर्म आणून ठेवलाय, बाकी सगळा भरलाय. रकमेचा रकाना कोरा आहे.