४०३ वजा १५८ : सेतू वर्गातले माझे तीस दिवस

करोनाच्या साथीत शाळा दीड वर्ष बंद होती. उघडली तेव्हा माझ्याकडे पाचवीचा वर्ग आला. पट अडतीस. ही मुलं शेवटची सलग शाळेत बसली होती ती तिसरीत. चौथी मोबाइलच्या पडद्यावर आणि घरी पाठवलेल्या कृतिपत्रिकांवर झाली. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांची तीही झाली नाही. पाचवीचं पुस्तक सुरू करण्याआधी तीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घ्यायचा असं शाळेत ठरलं. रोज एक तास भाषा आणि एक तास गणित. भाषेचं पुन्हा कधी तरी लिहीन. गणितात मला जे शिकायला मिळालं ते आधी सांगते.

सुरुवातीला माझी समजूत सरळ होती: चौथी बुडाली, तर चौथीची उजळणी घ्यावी. पुस्तकातले घटक तीस दिवसांवर वाटले आणि पहिल्या आठवड्यात भागाकारापर्यंत पोचलेही. मुलं फळ्यावरचं वहीत नीट उतरवून घेत होती, हात वर करत होती, त्यामुळे चाललंय असंच वाटत होतं. आठव्या दिवशी फळा पुसला आणि त्याच प्रकारची पाच उदाहरणं पाटीवर सोडवायला दिली. अडतीसपैकी नऊ जणांनाच ती आली. बाकीच्यांच्या पाट्या मी एकेक करून पाहिल्या तेव्हा दिसलं की भागाकाराची मांडणी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अडतं ते त्यातल्या वजाबाकीत. भाग जाऊन उरलं किती, तेच चुकत होतं.

त्या काळात वाचलेली एक गोष्ट माझ्या मनात राहिली होती. २००५ साली पाकिस्तानच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. भूकंपाच्या पट्ट्यातल्या शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी अभ्यासकांनी तिथल्या मुलांची चाचणी घेतली, तर ती इतरांपेक्षा जवळपास दीड वर्षाच्या शिक्षणाइतकी मागे होती. बंद सव्वातीन महिन्यांचा आणि तूट दीड वर्षाची! म्हणजे तुटीचा मोठा भाग शाळा उघडल्यानंतर तयार झाला असणार. वर्ग पुढे जात राहिला आणि पाया निसटलेली मुलं रोज थोडी थोडी मागे पडत गेली. माझ्या पहिल्या आठ दिवसांत मीही तेच करत होते. वरच्या इयत्तेऐवजी खालच्या इयत्तेचं पुस्तक धरलं होतं, इतकाच फरक.

मग सगळं थांबवलं आणि पायाभूत चाचणी नव्याने घेतली. लेखी चाचणी आधी झाली होती, पण ती आता मला पुरेशी वाटेना. लेखी चाचणी चूक की बरोबर एवढंच सांगते. म्हणून एकेका मुलाला शेजारी बसवलं. प्रत्येकी चारपाच मिनिटं, दिवसाला आठ मुलं, म्हणजे पाच दिवस लागले. क्रम सोपा ठेवला. आधी दोन अंकी संख्या वाचायची, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. जिथे अडेल तिथे थांबायचं आणि एकच विचारायचं, "कसं केलंस ते सांग बरं." तीसातले पाच दिवस निव्वळ तपासण्यात घालवणं तेव्हा जिवावर आलं होतं. आज पुन्हा वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी तेच करीन.

चाचणीनंतर वर्ग असा दिसला. नऊ मुलांना भागाकार येत होता. चौदा जणांना वजाबाकी येत होती, पण भागाकारात अडत होती. अकरा जणांना हातच्याची वजाबाकीच येत नव्हती. चार जण दोन अंकी संख्या वाचतानाच चाचपडत होते, सतरा आणि एकाहत्तर त्यांना सारखेच वाटत.

त्या अकरांतल्या एका मुलीने ४०३ वजा १५८ चं उत्तर ३५५ लिहिलं होतं. मी विचारलं, तर ती ठामपणे म्हणाली, "बाई, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचच ठेवले." तिच्याकडे नियम होता आणि तो ती प्रत्येक उदाहरणात न चुकता पाळत होती: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं. अकरापैकी आठ जणांचा नियम हाच निघाला. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणं सोडवायला दिली तर तो नियमच आणखी पक्का होतो. उजळणीने इथे नुकसानच झालं असतं.

ही मुलं संख्येकडे सुट्या अंकांची रांग म्हणून बघत होती. ४३ म्हणजे शेजारी शेजारी बसलेले चार आणि तीन. त्यातले चार हे चार दशक आहेत, हे तिसरीत काड्या हाताळताना कळलेलं असावं, पण मधल्या काळात ते विरून गेलं होतं. म्हणून परत काड्यांवर आलो. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केले आणि दहा गठ्ठ्यांचा एक शतकाचा जुडगा बांधला.

त्या मुलीसमोर चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवून म्हटलं, "यातल्या आठ काड्या मला दे." तिने तीन दिल्या आणि थांबली. गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या पसरल्या आणि त्यातल्या पाच मोजून दिल्या. उरले तीन गठ्ठे आणि पाच काड्या. "पस्तीस!" म्हणाली. तेच उदाहरण तिने सकाळी वहीत सोडवलं होतं, उत्तर होतं ४५. मी दोन्ही उत्तरं शेजारी लिहिली. कुठलं खरं, हे मला सांगावं लागलं नाही.

घाई केली तर इथेच घोळ होतो. काड्यांनी जमलं म्हणून काड्या उचलून ठेवल्या की मूल वहीत पुन्हा जुना नियम लावतं, कारण काड्यांचं काम आणि वहीतलं काम त्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून पाच दिवस दोन्ही बरोबर चालवलं. रबर काढलं की लगेच वहीत दशकाच्या घरातला चार खोडून वर तीन लिहायचे आणि एककाच्या घरात तेरा करायचे. एक हात काड्यांवर, एक हात पेन्सिलीवर. मग हळूहळू काड्या फक्त अडल्यावर मागायच्या असं ठरलं आणि बरीचशी मुलं आपणहून मागेनाशी झाली.

तीन अंकी संख्येत मध्ये शून्य आला की नवी अडचण उभी राहायची. चारशे तीनमध्ये सुटा गठ्ठा एकही नाही. एका जुडग्याचे दहा गठ्ठे करायचे आणि मग त्या दहांतला एक गठ्ठा सोडायचा. उरतात तीन शतक, नऊ दशक, तेरा एकक. तेरातून आठ गेले पाच, नवातून पाच गेले चार, तीनातून एक गेला दोन. उत्तर २४५.

या टप्प्यावर त्याच मुलीचं उत्तर आलं २५५. आधी मला वाटलं, पुन्हा पाणी फिरलं. मग तिची मांडणी नीट पाहिली. तिने शतक सोडून दशकाच्या घरात दहा केले होते आणि एककात तेराही केले होते. फक्त एककाला दिलेला गठ्ठा दशकातून कमी करायचा राहिला होता. ३५५ आणि २५५, दोन्ही उत्तरं चूकच. तपासणीत दोघांनाही फुलीच मिळते. पण पहिल्यात मुलाला दशक म्हणजे काय तेच कळलेलं नाही, आणि दुसऱ्यात सगळं कळलंय, एक पायरी सुटली आहे. तिला म्हटलं, उत्तरात १५८ मिळवून बघ. ४१३ आले. "दहा जास्त झाले, बाई," म्हणाली आणि वर जाऊन स्वतःच दहाचे नऊ केले. त्या दिवसापासून मी चुकलेल्या उत्तरासमोर नुसती फुली करणं सोडलं. वहीत कोपऱ्यात उत्तराचा आकडा टिपून ठेवते, कारण पुढचं काय शिकवायचं ते त्या आकड्यावरून ठरतं.

उरलेल्या दिवसांचा तास असा बसला. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचं मिळून तोंडी गणित, मग पंचेचाळीस मिनिटं गटात काम. मुलांना इयत्तेऐवजी काय येतं आणि काय येत नाही यावरून गटात बसवायची पद्धत 'प्रथम' संस्थेने पूर्वीच रुळवली आहे, ती मी उचलली. पण बाई एकटी आणि गट चार. म्हणून संख्या वाचताना अडणारे चार जण काड्यांच्या गटातच बसवले आणि त्या गटाजवळ मी रोज असायची. भागाकारात अडलेल्या चौदांकडे एक दिवसाआड जायची. नऊ जणांना सुरुवातीला मी इतरांना शिकवायला लावलं, ते चुकलं. त्यांचीही अपूर्णांकांत तूट होतीच, ती तशीच राहिली असती. गटांना नावं, नंबर काही दिले नाहीत आणि दर आठ दिवसांनी गट बदलले. तरी एका मुलाने घरी जाऊन "मी ढ गटात आहे" असं सांगितलंच. त्याच्या आईला शाळेत बोलावून त्याची आधीची आणि आताची वही शेजारी ठेवून दाखवली. माझ्या बोलण्यापेक्षा वह्यांनी काम केलं.

शेवटची चाचणी घेताना आकडे बदलले, नाहीतर पाठ झालेली उत्तरं लिहिली जातात. अकरापैकी सात जणांना शून्य मध्ये असलेली वजाबाकी जमली. दोघांना दोन अंकी जमली, तीन अंकी नाही. दोघे इतके दिवस गैरहजर होते की त्यांचं काहीच झालं नव्हतं. संख्या न वाचणाऱ्या चारांपैकी तीन जण शंभरपर्यंत वाचू लागले. चौदांपैकी दहा जणांचा भागाकार सुटला. अहवालात हे आकडे गेले आणि सेतू अभ्यासक्रम पूर्ण झाला अशी नोंद झाली.

तीन आठवड्यांनी, पाचवीचं पुस्तक सुरू झाल्यावर, मी न सांगता त्या सात जणांना पुन्हा एक उदाहरण दिलं: ६०२ वजा ३४७. पाच जणांनी २५५ लिहिलं, यावेळी ते बरोबर होतं. दोघांनी लिहिलं ३४५. सहातून तीन, चारातून शून्य, सातातून दोन: जुना नियम परत आला होता. तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलून गणिताच्या तासातली पहिली दहा मिनिटं वर्षभरासाठी मागून घेतली. काड्यांचा डबा खिडकीत ठेवला. ते दोघे, ते गैरहजर राहिलेले दोघे आणि संख्या वाचायला अजून अडखळणारा एक जण रोज आधी त्या डब्याशी बसतात, मग आम्ही पाचवीचं पुस्तक उघडतो.