कीर्तनाचा आवाज आणि चित्र जुळवताना

वाई तालुक्यातल्या आमच्या गावी हरिनाम सप्ताह असतो. यंदा एका संध्याकाळचं कीर्तन नीट रेकॉर्ड करायचं मी ठरवलं. कॅमेरा सभामंडपाच्या मागच्या खांबापाशी ट्रायपॉडवर लावला, बुवांपासून साधारण 14 मीटरवर. इतक्या लांबून कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शब्दांपेक्षा मंडपाचा घुमाराच जास्त येतो, म्हणून बुवांच्या समोर स्टँडवर वेगळा रेकॉर्डर ठेवला. दोन्ही यंत्रं सुरू केली आणि मध्ये कुठेही थांबवली नाहीत.

सुरुवातीला बुवांना म्हटलं, "बुवा, एक टाळी वाजवा. हात छातीसमोर, कॅमेऱ्याला दिसतील असे."

"एकच?"

"एकच, पण कडक."

घरी आल्यावर मात्र टाळी शोधण्याआधी मी सोपा रस्ता धरला. DaVinci Resolve या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही क्लिप टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवल्या, निवडल्या आणि `Auto Align Clips` मधून `Based on Waveform` दाबलं. रेकॉर्डरचा ट्रॅक सरकून जागेवर बसला. ऐकायला घेतलं तर टाळ आणि मृदंग अगदी ठेक्यात, पण बुवांचे शब्द दुहेरी ऐकू येत होते. नीट कान दिला तेव्हा कळलं, ट्रॅक बरोबर एका आवर्तनाने पुढे बसलाय.

असं होण्याचं कारण आवाजातच आहे. ही जुळणी दोन्ही आवाजांच्या लाटा एकमेकींवर सरकवत जाते आणि जिथे त्या सर्वात जास्त मिळतात तिथे थांबते. 'जय जय राम कृष्ण हरी' त्याच चालीत, त्याच ठेक्यात कितीतरी वेळा येतं, त्यामुळे जवळपास सारख्या वाटणाऱ्या जागा पुष्कळ सापडतात. त्यात कॅमेऱ्याचा माइक ऑटोवर होता. त्याने मोठे आवाज दाबले, बारीक आवाज उचलले आणि लाटेचे चढउतारच सपाट करून टाकले. मग मी दोन्ही ट्रॅकमधून निरूपणाचा चार-पाच मिनिटांचा तुकडा वेगळा काढला आणि तेवढाच जुळवला. बोलण्यात तेच वाक्य त्याच लयीत पुन्हा येत नाही, त्यामुळे या वेळी जुळणी पक्की बसली. शब्दांचं दुहेरीपण गेलं.

तरी ओठ किंचित चुकत होते. आता टाळीकडे गेलो. एकेक फ्रेम पुढे नेत पाहिलं: एका फ्रेममध्ये हात धूसर, येताना दिसतात, पुढच्या फ्रेममध्ये तळवे टेकलेले. लाटेतला उभा सुळका त्याच फ्रेममध्ये हवा, पण तो त्यानंतरच्या फ्रेममध्ये होता. आवाजाला 14 मीटर यायला सुमारे 40 मिलिसेकंद लागतात, आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेमही 40 मिलिसेकंदांचीच. म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजच चित्राच्या एक फ्रेम मागे होता, आणि लाटा जुळवल्यामुळे रेकॉर्डरही त्याच्यासोबत मागे बसला. कॅमेरा लांब असेल तर शेवटचा निवाडा डोळ्यांना दिसणाऱ्या टाळीवरच करावा. रेकॉर्डरचा ट्रॅक एक फ्रेम अलीकडे घेतला आणि कॅमेऱ्याचा ट्रॅक बंद केला.

सुरुवात चोख झाली म्हणून थेट शेवटाकडे गेलो. कीर्तन 52 मिनिटांचं. शेवटी टाळी घ्यायची राहून गेली होती, पण बुवांनी 'पुंडलिक वरदे' म्हटलं होतं. 'प' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि ते उघडतात त्याच क्षणी आवाज फुटतो, त्यामुळे तो टाळीसारखाच उपयोगी पडतो. ओठ उघडले आणि आवाज तीन फ्रेम उशिरा आला. दोन यंत्रांची घड्याळं वेगवेगळी. दोन्हींवर आवाजाचे नमुने घेण्याचा वेग 48 किलोहर्ट्झ लिहिलेला असला तरी एक केसभर हळू चालतं, आणि तासाभरात तो फरक दिसायला लागतो.

आवाज आखडावा म्हटलं, तर फरक शेकडा 0.004 इतका, आणि वेगाच्या चौकटीत दशांशाची दोनच स्थळं. 0.01 दिलं असतं तर शेवटी दुसऱ्या बाजूला पाच फ्रेम चुकलं असतं. म्हणून ट्रॅक कापला. साधारण 17 मिनिटांत एक फ्रेम घसरत होती, पण पूर्ण फ्रेम घसरेपर्यंत थांबलो नाही. अर्धी झाली की सरकवायचं, म्हणजे चूक कधीच अर्ध्या फ्रेमच्या वर जात नाही. 9, 26 आणि 43 व्या मिनिटाच्या आसपास बुवा श्वास घेतात अशा जागा शोधल्या, टाळ वाजत नसलेल्या. प्रत्येक ठिकाणी पुढचा सगळा भाग एक फ्रेम अलीकडे घेतला आणि जोडावर छोटा क्रॉसफेड दिला, म्हणजे मंडपाचा घुमारा तुटत नाही.

पुन्हा शेवट लावला. 'पुंडलिक'चा 'प' आणि बुवांचे ओठ एकाच फ्रेममध्ये उघडले.