अर्जात वडिलांच्या जागी बाबांचं नाव होतं

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत मी खाती उघडण्याच्या अर्जांची पडताळणी करते. काउंटरवरची मुलं अर्ज घेतात, मूळ कागद बघून झेरॉक्सवर शिक्का मारतात आणि माहिती संगणकात भरतात. मी ती तपासून मंजुरी देते. मायनरच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या, अर्जाला मी इतर अर्जांपेक्षा दुप्पट वेळ देते. ज्याच्या नावावर पैसे आहेत त्याची सही त्या कागदावर नसते, म्हणून त्याच्या बाजूने कोणीतरी तो कागद वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये माझ्याकडे एक अर्ज आला. मुलगी कळव्याची, जन्मतारीख १४ जून २००९, म्हणजे सोळा वर्षं पूर्ण. आजोबांनी मुरबाडकडचा स्वतःचा एक प्लॉट विकून नातीच्या नावाने तीन लाखांचा चेक दिला होता. बचत खातं उघडायचं आणि लगेच त्याची मुदत ठेव करायची होती. पालक म्हणून एका गृहस्थांचं नाव, नात्याच्या रकान्यात ‘वडील’. त्यांचं आधार, पॅन, फोटो, सगळं जागेवर. मुलीच्या आधारवरही ‘द्वारा’ म्हणून त्यांचंच नाव. काउंटरवरच्या मुलाने नात्याचा पुरावा म्हणून तेच आधार जोडलं होतं आणि शिक्का मारून माझ्याकडे पाठवलं होतं.

मी चेक बघितला. चेकवर मुलीचं मधलं नाव वेगळं होतं.

आधारवरची ‘द्वारा’ची ओळ पत्त्याचा भाग असते. पत्र कोणाच्या मार्फत पोचवायचं एवढंच ती सांगते. तिथे मामाचं नाव असू शकतं, आजीचं असू शकतं. त्यावरून नातं ठरवता येत नाही. मी त्या मुलाला जन्मदाखला मागवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलीची आई आणि ते गृहस्थ दोघंही शाखेत आले. ठाणे महापालिकेचा दाखला होता. वडिलांच्या जागी चेकवरचंच मधलं नाव होतं.

आई म्हणाल्या, “मॅडम, तिचे वडील ती चार वर्षांची असताना गेले. मग माझं दुसरं लग्न झालं. ही यांना बाबाच म्हणते. शाळेची फी हेच भरतात.” गृहस्थ मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतेय. ही अडचण त्यांची एकट्याची नाही, कायद्याचीच आहे, हे आधी सांगणं मला गरजेचं वाटलं.

हिंदू कुटुंबांना लागू असलेला १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा नैसर्गिक पालक कोण ते सांगतो, आणि ‘वडील’ व ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. माणूस कितीही चांगला असो, कोर्टाने पालक म्हणून नेमल्याशिवाय त्याची सही मुलीच्या वतीने चालत नाही. आज आम्ही त्यांच्या सहीने पैसे दिले आणि उद्या ही मुलगी किंवा तिच्या आजोबांकडचं कोणी विचारायला आलं, तर ‘आम्ही योग्य माणसाला पैसे दिले’ असं म्हणायला बँकेकडे काहीच उरत नाही. आजी-आजोबा, काका यांचंही तसंच. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा कोर्टाचा आदेश असेल तरच त्यांना पालक म्हणून घेता येतं.

“मग आता कोर्टात जायचं?” गृहस्थांनी विचारलं.

“नाही दादा, आई समोर बसल्यात की.”

आई लगेच पिशवीतून लॅमिनेट केलेला मृत्यूदाखला काढायला लागल्या. प्लॅस्टिकचे कोपरे पिवळे पडून सुटले होते, इतक्या ठिकाणी तो दाखवून झाला असावा. मी त्यांना तो परत ठेवायला सांगितला. आई पालक म्हणून खातं उघडू शकते, त्यासाठी वडील नसल्याचा पुरावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ही मुभा १९७६ मध्येच दिली होती. पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यातल्या ‘वडिलांनंतर आई’ या शब्दांचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच घ्यायचा नाही. तो खटलाही एका आईने मुलाच्या नावाने घेऊ पाहिलेल्या रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवरून उभा राहिला होता. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान मुलाची पालक आई, अशी नोंद आपल्याकडे गावोगाव बघायला मिळते, तरी बँकेत आलेल्या बाईला मात्र अजून वाटतं की नवऱ्याचा कागद दाखवल्याशिवाय आपली सही चालणार नाही.

पालकाच्या जागी आई आल्या, पण खरी गाठ पुढे होती. जन्मदाखल्यावर आईचं नाव पहिल्या सासरचं. पॅनवरही तेच. आधार मात्र दुसऱ्या लग्नानंतर बदललेलं. जन्मदाखल्यातली आई आणि समोर बसलेली पालक एकच आहे, हे कागदाने दिसायला हवं. चेहरा बघून मला ते कळतं, पण दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला कसं कळणार? केवायसीच्या नियमात यासाठी वाट आहे. ओळखपत्र निघाल्यावर नाव बदललं असेल तर सरकारने दिलेला विवाह दाखला किंवा राजपत्रातली नाव बदलल्याची नोंद जोडायची, म्हणजे जुन्या नावाचा कागदही ग्राह्य धरला जातो.

विवाह दाखला त्यांच्याकडे होता. तो मी हातात घेतला आणि माझ्याच पोटात गोळा आला. त्यावर वधूचं नाव माहेरचं लिहिलेलं. म्हणजे माहेरच्या नावावरून आत्ताच्या नावापर्यंत साखळी जुळत होती, पण जन्मदाखल्यावरचं मधलं नाव त्या साखळीत कुठेच नव्हतं. पहिल्या लग्नाची नोंदणी झालीच नव्हती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट घेऊया?” खूप ठिकाणी तसं घेतलं जातं. मी नाही घेतलं. त्या नियमात दोनच कागदांची नावं आहेत आणि प्रतिज्ञापत्र त्यात नाही. आईंना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची नोंद करायला सांगितली. जुनं नाव पहिल्या सासरचं, नवं नाव आत्ताचं. जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग आहे तेच अक्षरशः टाका, एक अक्षरही हलवू नका, एवढं मी दोनदा बजावलं. कारण एका अक्षराच्या चुकीने राजपत्र पुन्हा करावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते, त्यामुळे तो थांबू शकत होता. महिन्याभराच्या आत आई राजपत्राचं पान घेऊन परत आल्या.

नव्या अर्जात मुलीचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे आणि चेकप्रमाणे लिहिलं. खातं चालवण्याच्या सूचनेत त्यांनी ‘दोघांपैकी कोणीही’ यावर खूण करून दोघांची नावं लिहिली होती. तो पर्याय संयुक्त खातेदारांसाठी असतो. इथे खातेदार एकच, ती मुलगी. आई खातेदार नाही, तिच्या वतीने सही करणारी आहे. म्हणून सूचना एकच राहिली: सज्ञान होईपर्यंत पालक आईच्या सहीने. मुलगी दहाच्या पुढची असल्यामुळे तिला स्वतःच्या सहीनेही खातं उघडता आलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ती मुभा आहे, मर्यादा मात्र ज्या त्या बँकेने ठरवायची. आमच्या बँकेची मर्यादा तीन लाखांपेक्षा बरीच कमी असल्याने तो मार्ग इथे बसला नाही.

मग तारखेचा रकाना. काउंटरवरच्या मुलाने सज्ञान होण्याची तारीख १५ जून २०२७ भरली होती. अठरा वर्षं ‘पूर्ण’ व्हायला वाढदिवस उलटायला हवा, असा त्याचा हिशोब. १८७५ चा भारतीय सज्ञानता कायदा जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरतो, त्यामुळे अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो. तारीख १४ जून २०२७. एका दिवसाने काय बिघडतं, असं त्याने विचारलं. त्या एका दिवशी आईने चेकवर सही केली तर ती सही अधिकार संपलेल्या माणसाची ठरते. अर्जाच्या मागच्या जुन्या छापील अटीत अजून ‘कोर्टाने पालक नेमला असल्यास २१ वर्षे’ असंही होतं. ती तरतूद कायद्यातून १९९९ मध्ये गेली. मी ती ओळ खोडून सही केली आणि नवीन छपाईसाठी मुख्य कार्यालयाला कळवलं.

ठेव त्यांना तीन वर्षांची हवी होती. ती २०२८ च्या सप्टेंबरमध्ये संपणार, म्हणजे मुलगी सज्ञान झाल्यावर पंधरा महिन्यांनी. “मग पैसे मीच काढेन ना?” आईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हा पावतीवर मुलीचीच सही लागेल, आणि त्याआधी तिचा नवा फोटो, तिची स्वतःची केवायसी, नमुना सही आणि आत्तापर्यंतच्या शिलकेची तिची पुष्टी घ्यावी लागेल. कॉलेजच्या फीसाठी मध्येच पैसे लागणार असतील तर वीस महिन्यांची करा, ती आईच्या सहीने मोडता येईल. त्या गप्प बसल्या. मुलगी तोवर मागच्या बाकावर मोबाइल बघत होती. ती म्हणाली, “तीन वर्षांचीच करा. मी येईन सही करायला.”

आईंनी तीन वर्षं लिहिली. शेवटी वारसनोंदीचा रकाना राहिला. मायनरच्या खात्यात ती नोंद पालकाने करायची असते आणि नॉमिनी कोणीही असू शकतो, तिथे सावत्र-सख्खं बघत नाहीत. हे सांगितल्यावर आईंनी मुलीकडे पाहिलं, मुलीने मान हलवली, आणि महिन्यापूर्वी मान खाली घालून बसलेल्या त्या गृहस्थांचं पूर्ण नाव आईंनी तिथे सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.